‘सरासरी’ हा शब्द कुणी काढला? : खरेदी विभागांना खुले पत्र

प्रति,
निविदा काढणारे सर्व खरेदी विभाग आणि निविदा सूचनेवर सही करणारे सर्व अधिकारी

महोदय, महोदया,

मी 19 वर्षे निविदा सूचनांचा इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते आहे. सूचनेखाली सही तुमची असते आणि माझे नाव कुठेच नसते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या हातून गेलेला मजकूर छापून येतो तेव्हा तो माझा राहिलेला नसतो, आणि त्यातून ज्याचे नुकसान होते त्याला दाद मागायला जागा उरत नाही. एवढी वर्षे हे मी संबंधित टेबलावर तोंडी सांगत आले. आता लिहून सांगते आहे, आणि सगळ्यांनी वाचावे म्हणून उघडपणे सांगते आहे.

निमित्त एका फोनचे झाले. दुरुस्तीची कामे घेणारे एक छोटे ठेकेदार आहेत. त्यांच्या जुन्या कामांचे दाखले मी पूर्वी भाषांतरित करून दिले होते, म्हणून त्यांच्याकडे माझा नंबर होता. म्हणाले, “ताई, मार्चमध्ये एक टेंडर निघालं होतं, एक कोटीचं काम. आम्ही भरलं नाही, कारण अटीत बसत नव्हतो. आता कळलं की आमच्यापेक्षा लहान माणसाला ते मिळालंय. तो कसा बसला?” त्यांनी मराठी सूचनेचा फोटो पाठवला. पहिली ओळ वाचताच मला कळले की हा अनुवाद मीच केला होता. आणि चौथी ओळ वाचल्यावर कळले की ती मी लिहिलेली नव्हती.

मी दिलेले वाक्य असे होते : “मागील तीन आर्थिक वर्षांतील सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित किमतीच्या किमान 30 टक्के असणे आवश्यक आहे.”

छापलेले वाक्य असे होते : “मागील तीन वर्षांत वार्षिक उलाढाल अंदाजित किमतीच्या 30 टक्के असावी.”

‘आर्थिक’ गेला, ‘सरासरी’ गेला, ‘किमान’ गेला आणि ‘असणे आवश्यक आहे’ याचे ‘असावी’ झाले. मी विभागात फोन केला. ज्यांनी मजकूर आटोपता केला ते शांतपणे म्हणाले, “जाहिरातीचा रकाना भरला होता, दोन ओळी कमी करायच्या होत्या. अर्थ तोच राहतो ना?”

अर्थ तोच राहत नाही. कसा बदलतो ते त्या ठेकेदारांच्याच आकड्यांवर दाखवते. त्यांची तीन वर्षांची उलाढाल होती 18 लाख, 42 लाख आणि 36 लाख. बेरीज 96 लाख, सरासरी 32 लाख. कामाची अंदाजित किंमत एक कोटी, म्हणजे 30 टक्क्यांची मर्यादा 30 लाखांची. मूळ अटीप्रमाणे हा माणूस पात्र होता, तोही दोन लाख राखून. छापील मराठी वाक्य मात्र ‘मागील तीन वर्षांत वार्षिक उलाढाल’ असे म्हणते, आणि ते वाचणारा सरळ माणूस ‘दरवर्षी’ असेच समजतो. पहिल्या वर्षी 18 लाख होते, त्यामुळे ‘आपण बसत नाही’ म्हणून त्यांनी कागद मिटून ठेवला. बाकीचे सगळे दस्तऐवज इंग्रजीत होते. मराठी सूचनाच ‘नाही’ म्हणत असताना ते पैसे भरून घेण्याचे त्यांना कारणच नव्हते.

इथे मला तुमचे लक्ष एका गोष्टीकडे वेधायचे आहे. अनुवादातल्या चुकीने अट सैल झाली तर ती निदान कागदावर उमटते. अपात्र माणूस निविदा भरतो, तांत्रिक छाननीत बाद होतो, भांडतो, आणि तुमच्या नस्तीत त्याचे पत्र लागते. चुकीने अट कडक झाली तर मात्र काहीच घडत नाही. पात्र माणूस भरतच नाही, त्यामुळे त्याचे नाव कुठल्याही तुलनात्मक तक्त्यात येत नाही आणि तो तक्रारही करत नाही, कारण चूक आपलीच आहे असे त्याला वाटते. ‘मराठी सूचनेबद्दल आजवर एकही तक्रार नाही’ हे उत्तर मी अनेक कार्यालयांत ऐकले आहे. तक्रार नसण्याचे कारण कदाचित हेच असेल, एवढे तरी मान्य करा.

आता त्याच सूचनेतली दुसरी अट घेते, कारण ती उलट दिशेने फसली. अनुभवाची ही अट तुम्ही सगळे जवळजवळ त्याच शब्दांत वापरता. ज्या महिन्यात निविदा मागवल्या त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपणाऱ्या सात वर्षांत तत्सम कामे यशस्वीपणे पूर्ण केलेली असावीत : अंदाजित किमतीच्या 40 टक्क्यांपेक्षा कमी नसलेली तीन, किंवा 50 टक्क्यांपेक्षा कमी नसलेली दोन, किंवा 80 टक्क्यांपेक्षा कमी नसलेले एक. इंग्रजीत हे एका दमात येते. मराठीत आणताना तिथे चार जागी पाय घसरतो, आणि त्या चारही जागा शब्दकोशात सापडत नाहीत.

पहिली जागा ‘प्रत्येकी’ या शब्दाची. ‘40 टक्के किमतीची तीन कामे’ असे लिहिले की मराठी वाचकाला ती तिन्ही मिळून 40 टक्के वाटू शकतात, कारण आपल्या भाषेत ‘पाच हजारांच्या तीन खुर्च्या’ म्हटले तर एकीची किंमत की तिघींची हे विचारूनच घ्यावे लागते. म्हणून मी ‘प्रत्येकी’ घालते, मूळ इंग्रजीत त्यासाठी वेगळा शब्द नसला तरी. छापताना तोही गेला. एका दुसऱ्या निविदाकाराची 15, 14 आणि 13 लाखांची तीन कामे होती. बेरीज 42 लाख, म्हणजे 40 टक्क्यांच्या वर, असे समजून त्याने निविदा भरली. बँकेकडून हमीपत्र घेतले, कागदपत्रांची फी भरली, आणि पहिल्याच लिफाफ्यात बाद झाला. मूळ अटीप्रमाणे त्याला 40-40 लाखांची तीन कामे दाखवायची होती. एकही नव्हते.

दुसरी जागा ‘किंवा’. मूळ अटीत तीन पर्याय आहेत. अनुवादाची घाई असली की ते एकाखाली एक लिहिले जातात, शेवटी पूर्णविराम येतो आणि ‘किंवा’ गळून पडतो. मग वाचणारा सगळ्याच ओळी लागू समजतो, आणि त्याच्या हिशेबाने एकूण सहा कामे लागतात. ज्याच्याकडे 52 आणि 61 लाखांची दोन पूर्ण झालेली कामे आहेत तो दुसऱ्या पर्यायाने पूर्णपणे पात्र असतो, पण अशी सूचना वाचून तो घरी बसतो. ‘किंवा’ हा शब्द प्रत्येक पर्यायाच्या आधी स्वतंत्र ओळीत छापला पाहिजे. त्याने ओळी वाढतात, हे मला माहीत आहे.

तिसरी जागा ‘पेक्षा कमी नाही’ याची. हा नकार मराठीत अवघडल्यासारखा वाटतो, म्हणून पुष्कळ जण त्याचे ‘40 टक्क्यांपेक्षा जास्त’ करून टाकतात. वाक्य सुटसुटीत होते आणि बरोबर 40 लाखांचे काम केलेला माणूस बाहेर पडतो. इथे ‘किमान’ हा एकच शब्द पुरतो आणि तो अचूक आहे. उलट बाजूला ‘पेक्षा जास्त नाही’ असे असेल तिथे ‘कमाल’ किंवा ‘जास्तीत जास्त’. मर्यादेचा आकडा स्वतः मर्यादेत मोडतो की नाही, हे वाक्यावरून कळलेच पाहिजे.

चौथी जागा सर्वात फसवी आहे : सात वर्षे कोणती? ‘मागील सात वर्षांत’ एवढेच लिहिले तर ठेकेदार आज मागे मोजतो, लेखापाल आर्थिक वर्षे मोजतो आणि छाननी समिती मूळ इंग्रजीप्रमाणे मोजते. मार्च 2024 मध्ये निघालेल्या निविदेला ती सात वर्षे 1 मार्च 2017 ते 29 फेब्रुवारी 2024 अशी होतात. 20 फेब्रुवारी 2017 ला पूर्ण झालेले काम त्यात बसत नाही. 2015 मध्ये सुरू होऊन जून 2017 मध्ये पूर्ण झालेले बसते, कारण अट पूर्ण होण्याची आहे. आणि इथेच ‘केलेली कामे’ व ‘पूर्ण केलेली कामे’ यांतला फरक येतो. ‘सात वर्षांत केलेली’ म्हटले की 2015 ला सुरू झालेले काम वाचक वगळतो, आणि अजून चालू असलेले काम मात्र आत घेतो. म्हणजे अट एकाच वेळी एकीकडे कडक आणि दुसरीकडे सैल होते. यावर मला एकच उपाय माहीत आहे : मराठीत दोन्ही तारखा लिहून टाकाव्यात. पण त्या तारखा अनुवादकाने स्वतःच्या मनाने काढायच्या नसतात, त्या विभागाने काढून द्यायच्या असतात. मी मागते तेव्हा मला सांगितले जाते की इंग्रजीत नाहीत, मग मराठीत कशाला.

‘तत्सम’ विषयीही एक वाक्य. त्याच्या जागी ‘समान’ लिहिले की वाचक ‘अगदी तेच’ असे समजतो. व्याख्या इंग्रजी दस्तऐवजात आत कुठेतरी असते, आणि ती सूचनेत आणावी असे मी किती वेळा सुचवले आहे ते मोजणे मी सोडून दिले आहे.

आता मुदतीकडे येते. इथे मी माझी स्वतःची चूक आधी सांगते, कारण ती न सांगता तुम्हाला दोष देणे मला पटत नाही. कामाला लागून दुसरेच वर्ष होते. यशस्वी निविदाकाराने सुरक्षा ठेव सात दिवसांच्या आत भरावी, असे मूळ वाक्य होते. मी लिहिले, ‘आठ दिवसांत भरावी’. माझ्या घरी, माझ्या शाळेत, माझ्या सगळ्या बोलण्यात आठवड्याला ‘आठ दिवस’च म्हणत आले आहेत. ‘आठ दिवसांनी या’ म्हटले की माणूस पुढच्या त्याच वारी येतो. पंधरवड्याला आपण ‘पंधरा दिवस’ म्हणतो, तेव्हाही मनात दोन आठवडेच असतात. बोलण्यात कुणाचे काही बिघडत नाही. पण कागदावर आठ म्हणजे आठ. तो माणूस आठव्या दिवशी पैसे घेऊन गेला आणि त्याला सांगण्यात आले की मुदत काल संपली. त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी मराठी सूचना पाहून त्याचे पैसे घेतले, हे त्यांचे मोठेपण. तेव्हापासून मी मुदतीचा प्रत्येक आकडा मूळ कागदावर बोट ठेवून मोठ्याने वाचते.

मुदत हा निविदेतला सर्वात निर्दय भाग आहे आणि तो तसा असायलाच हवा. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने 2011 साली सार्वजनिक खरेदीचा जो नमुना कायदा स्वीकारला, त्यातही मुदतीनंतर आलेली निविदा उघडायची नाही, ती न उघडता परत करायची, असेच आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी कराराच्या 2012 च्या सुधारित मजकुराप्रमाणे सारांश सूचना इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश यांपैकी एका भाषेत द्यावी लागते, आणि त्या सारांशात तीनच गोष्टी अनिवार्य आहेत : खरेदी कशाची, सादर करण्याची अंतिम तारीख कोणती आणि कागदपत्रे कुठून मिळतील. परक्या भाषेतल्या वाचकाला तीनच गोष्टी सांगायच्या ठरल्या तरी त्यांत तारीख येते. आपल्याच भाषेतल्या वाचकाला ती तारीख आपण कशी सांगतो ते पाहा.

‘दि. 14 पूर्वी’ म्हणजे शेवटचा दिवस 13 की 14? व्याकरण सांगते 13. बोलण्यात लोक 14 धरतात. मूळ इंग्रजीत त्या दिवशी किंवा त्याआधी असे असेल तर मराठीत ‘दि. 14 पर्यंत’ हवे, कारण ‘पर्यंत’मध्ये तो दिवस मोडतो. पण नुसते ‘पर्यंत’ही पुरत नाही, कारण वेळ राहते. ‘दि. 14 रोजी रात्री 12 वाजेपर्यंत’ हे मी डोळ्यांनी छापलेले पाहिले आहे. ती रात्र 13 आणि 14 मधली की 14 आणि 15 मधली? एका अर्थाने मुदत पूर्ण एका दिवसाने कमी होते. मध्यरात्रीची मुदत ठेवायचीच असेल तर ‘23:59’ लिहा. खरे तर कार्यालय उघडे असताना संपणारी मुदत ठेवा, म्हणजे प्रणालीत अडचण आली तर फोन उचलायला कुणी असेल.

वेळेपेक्षाही जास्त माणसे एका क्रियापदाने बुडतात. मूळ अट असते की निविदा अमुक वेळेपर्यंत *मिळाली* पाहिजे. मराठीत होते ‘पाठवाव्यात’ किंवा ‘पाठविण्याची अंतिम तारीख’. ज्या मार्चच्या निविदेबद्दल मी बोलते आहे, तिच्यात बयाणा रकमेच्या बँक हमीची मूळ प्रत कार्यालयात 14 तारखेला दुपारी 3 पर्यंत पोहोचायला हवी होती. छापील सूचनेत ‘पाठवावी’ होते. एकाने 13 ला टपालात टाकली, टपालाची पावती जपून ठेवली, आणि पाकीट 16 ला पोहोचले. त्याच्याकडे पावती होती, मराठी सूचना होती, आणि दोन्हींचा उपयोग झाला नाही. ऑनलाइन भरायच्या निविदेत हाच घोटाळा ‘अपलोड’ शब्दाने होतो. फाइल चढवायला सुरुवात करणे आणि डिजिटल स्वाक्षरी करून शेवटचे ‘सादर करा’ दाबून पोच क्रमांक मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत दुसऱ्या गोष्टीची असते, आणि तीही सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे, भरणाऱ्याच्या मोबाइलमधल्या घड्याळाप्रमाणे नव्हे. सूचनेत हे लिहिलेले नसते.

शिवाय एका निविदेला एकच अंतिम तारीख नसते. दस्तऐवज उतरवून घेण्याची एक, शंका विचारण्याची एक, ऑनलाइन सादर करण्याची एक, मूळ कागद पोहोचण्याची एक, आणि लिफाफा उघडण्याची एक. जागा वाचवताना यांतली ‘अंतिम तारीख’ म्हणून एकच ठेवली जाते, आणि ती बहुधा सर्वात उशिराची असते. ‘सूचना प्रसिद्ध झाल्यापासून 15 दिवसांत’ ही ओळ तर अनुवादात मुळीच नको. इंग्रजी सूचना संकेतस्थळावर 1 तारखेला येते, मराठी वर्तमानपत्रात 4 ला. मराठी वाचक 4 पासून मोजतो, तुम्ही 1 पासून. पहिला दिवस धरायचा की सोडायचा हा वाद त्यानंतरचा.

मुदतीचे वाक्य मराठीत कसे असावे याचा नमुना देते :

“ऑनलाइन निविदा गुरुवार, दि. 14 मार्च 2024 रोजी 15:00 वाजेपर्यंत (दुपारी 3 पर्यंत) अंतिम सादर होऊन पोच क्रमांक मिळालेला असणे आवश्यक आहे. वेळ निविदा प्रणालीच्या सर्व्हरवरील धरली जाईल. बँक हमीची मूळ प्रत त्याच दिवशी त्याच वेळेपर्यंत कार्यालयात पोहोचलेली असणे आवश्यक आहे. टपालात टाकल्याची तारीख धरली जाणार नाही.”

यात वार आहे तो मुद्दाम. तारीख टंकताना आकडा चुकला तर वार जुळत नाही आणि चूक लगेच दिसते. महिना अक्षरात आहे, कारण 04/05 हे 4 मे की 5 एप्रिल हे परदेशी निविदांच्या नमुन्यांवरून उतरवलेल्या कागदात सांगता येत नाही.

‘असणे आवश्यक आहे’ हा शब्दप्रयोगही मुद्दाम आहे. मराठीतला ‘असावा, करावे, जोडावे’ हा प्रयोग कार्यालयीन सवयीने आपण सक्तीसाठी वापरतो, सूचनेसाठीही वापरतो आणि विनंतीसाठीही वापरतो. एकाच सूचनेत ‘अनुभव असावा’, ‘शक्यतो कामाच्या जागेची पाहणी करावी’ आणि ‘संपर्क साधावा’ असे तिन्ही येतात. ज्याचे पालन न केल्यास निविदा बाद होणार आहे तिथे ‘आवश्यक आहे, अन्यथा निविदा नाकारली जाईल’ असे लिहिण्यात काहीही उद्धट नाही. ऐच्छिक असेल तिथे ‘करता येईल’ लिहा.

आणखी दोन गोष्टींचा मला राग आहे, आणि तो मी लपवत नाही. एक म्हणजे शुद्धिपत्रक. मुदत वाढली, अट बदलली की इंग्रजी शुद्धिपत्रक त्याच संध्याकाळी संकेतस्थळावर चढते. मराठी माझ्याकडे चार-पाच दिवसांनी येते, किंवा येतच नाही. म्हणजे मराठीत अजून जुनीच अट उभी असते, तुमच्याच सहीने.

दुसरी, सूचनेच्या तळाशी बारीक अक्षरात येणारी ओळ : ‘मजकुरात तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल.’ कुठल्या तरी एका भाषेचा मजकूर निर्णायक ठेवावा लागतो, हे मी समजते. दोन निविदाकारांना दोन अटी लावता येणार नाहीत. मराठीत चूक झाली म्हणून अपात्र माणसाला पात्र ठरवले तर ज्यांनी अट नीट पाळली त्यांच्यावर अन्याय होईल. माझी मागणी ती नाहीच. पण ज्याला इंग्रजी नीट वाचता येत नाही त्याच्यासाठीच मराठी सूचना काढायची, आणि तफावत शोधण्याची जबाबदारीही त्याच्यावरच टाकायची, हे मला मान्य नाही. तफावत शोधणे तुमचे काम आहे, आणि ते छापण्याआधीचे काम आहे.

ते कसे करायचे तेही सांगते, कारण त्याला तासाभराहून जास्त वेळ लागत नाही. मराठी मजकूर अशा माणसाच्या हातात द्या ज्याने इंग्रजी पाहिलेले नाही. त्याला ‘अनुवाद बरा आहे का’ असे विचारू नका, तो ‘हो’च म्हणेल. त्याला सीमेवरचे निविदाकार द्या. उलाढाल 18, 42, 36 लाख असलेला पात्र आहे का? बरोबर 40 लाखांची तीन कामे असलेला? 52 आणि 61 ची दोनच असलेला? 15, 14, 13 ची तीन असलेला? 2015 ला सुरू करून जून 2017 ला संपवलेले काम चालेल का? हमी 13 ला टपालात टाकून 16 ला पोहोचली तर? 14 ला दुपारी 3 वाजून 1 मिनिटाने सादर केली तर? तेच प्रश्न इंग्रजी मजकूर समोर ठेवून छाननी समितीतल्या एका सदस्याला विचारा. जिथे दोघांची उत्तरे वेगळी येतील तिथे वाक्य दुरुस्त करा. मार्चची सूचना छापील रूपात या परीक्षेला बसली असती तर पहिल्याच प्रश्नाला अडली असती. माझा मूळ अनुवादही बसवा. त्यात चूक सापडली तर मला छापण्याआधी कळलेली हवी आहे.

माझ्या मागण्या अशा :

1. अनुवादासाठी अंतिम मंजूर मजकूर द्या, मसुदा नको. त्यासोबत सगळ्या तारखा, वेळा, रकमा आणि अनुभवाच्या कालावधीची सुरुवात व शेवट यांचा एक तक्ता द्या. रकमा लाख-कोटीत विभागानेच लिहून द्याव्यात. मूळ मिलियनमध्ये असेल तर शून्ये मोजण्याचे काम छपाईच्या टेबलावर जाऊ नये.

2. अनुवाद हाती आल्यावर त्यात एक शब्दही कमी-जास्त केला तर मजकूर पुन्हा अनुवादकाकडे पाठवा. जागा कमी पडली तर कार्यालयाचे लांबलचक पदनाम, शीर्षक, बोधचिन्ह कमी करा. ‘किमान’, ‘प्रत्येकी’, ‘सरासरी’, ‘किंवा’, ‘पूर्ण’ आणि ‘पोहोचलेली’ या शब्दांना हात लावू नका.

3. वर सांगितलेली परीक्षा झाल्याची नोंद, तपासणाऱ्याच्या सहीसह, निविदेच्या नस्तीत ठेवा.

4. शुद्धिपत्रक दोन्ही भाषांत एकाच वेळी काढा. मराठी तयार नसेल तर इंग्रजीही थांबवा, आणि तेवढ्या दिवसांनी मुदत पुढे न्या.

5. लिफाफा उघडण्याआधी तफावत कळली तर शुद्धिपत्रक काढून नव्याने पुरेशी मुदत द्या. उघडल्यावर कळली तर ज्याने मराठी मजकुरावर विसंबून खर्च केला त्याची कागदपत्रांची फी परत करा, बयाणा रक्कम लगेच मोकळी करा, आणि बाद करण्याच्या पत्रात चूक सूचनेतली होती असे स्पष्ट लिहा. तो शेरा त्याच्या नावावर राहू देऊ नका.

मार्चच्या त्या निविदेचे काम दुसऱ्याला गेले आहे आणि त्यानेही आपले कागद खरेच भरले होते, त्यामुळे ते परत फिरवा असे मी म्हणत नाही. ज्या ठेकेदारांनी मला फोन केला त्यांनी एकच विचारले आहे : तुमची सूचना चुकली होती, आणि त्यांची उलाढाल अटीत बसत होती, हे विभाग लेखी देईल का? ते पत्र मी त्यांच्या वतीने दोनदा मागितले आहे. मी दिलेला मूळ अनुवाद, तुम्ही छापलेली सूचना आणि इंग्रजी अट असे तिन्ही कागद संबंधित विभागाकडे जोडून दिलेले आहेत. उत्तराची वाट पाहते आहे.

आपली,
एक निविदा अनुवादक